उशिरा पोहोचलेली सूचना



आजचा विषय तसा लहान आहे, पण त्याच्यामुळे आमच्या घरची एक शेळी गेली आणि माणूस थोडक्यात वाचला. म्हणून आरंभ त्या प्रसंगापासूनच करतो.

आमचे गाव वडूजपासून दोन कोसांवर. खटाव तालुक्यात मे महिन्याच्या उत्तरार्धात वळीव कसा येतो हे या भागातल्या श्रोत्यांना मी सांगायला नको. सकाळी आभाळ निरभ्र असते, दुपारी माणदेशाच्या बाजूने काळे ढग चढू लागतात आणि चार वाजेतो विजा कडाडू लागतात. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका दिवशी माझे थोरले चुलतभाऊ, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते कांद्याच्या रानात होते. एक वाजता त्यांनी भाकरी खाल्ली, मुलाला फोन केला आणि तो फोन पिशवीत घालून पिशवी खोपटातल्या मेढीला अडकवली. मग ते बांधाकडे कामाला गेले. त्यांच्या फोनमध्ये वीज पडण्याची आगाऊ सूचना देणारे एक ॲप होते. शिकलेल्या मुलाने ते मुद्दाम घालून दिले होते.

चार वाजायच्या सुमारास गडगडाट सुरू झाला. दादा खोपटाकडे धावले, आणि ते निम्म्या वाटेवर असतानाच बांधाच्या टोकाच्या लिंबावर वीज कोसळली. झाडाखाली बांधलेली शेळी जागच्या जागी गेली. पाच मिनिटे आधी दादा त्याच लिंबाखाली उभे होते. खोपटात येऊन त्यांनी फोन बाहेर काढला, पडदा उजळला, आणि लगोलग एकापाठोपाठ एक तीन सूचना वाजल्या. त्यातल्या पहिल्या सूचनेत वेळ लिहिलेली होती तीन वाजून बावीस मिनिटे. मी संध्याकाळी भेटायला गेलो तेव्हा दादा म्हणाले, "आरं, ईज पडून गेल्यावर ह्यो मला सांगतोय ईज पडणार हाय म्हणून! असला राखणदार काय कामाचा?"

त्यांचा मुलगा त्या वेळी वडूजच्या एस.टी. स्टँडवर होता. फोन त्याच्या हातात होता. त्याला तीच सूचना तीन बावीसलाच मिळाली होती. त्याला वाटले, आपल्याला आली तशी वडिलांनाही आलीच असणार, म्हणून त्याने फोन केला नाही. ही गोष्ट त्याच्या मनाला फार लागली.

मी भूगोलाचा अध्यापक आहे, यंत्रज्ञ नव्हे. पण एकच सूचना एका फोनवर तत्काळ आणि दुसऱ्यावर पाऊण तासाने, असे का व्हावे, याचा छडा लावायचे मी ठरवले. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आता फोनसाठी ॲप लिहिण्याचे काम करतो, मला पुष्कळ मदत केली. जे समजले ते आज आपल्यापुढे मांडतो. तो फोन कोणत्या कंपनीचा आणि ते ॲप कोणते हे सांगण्याची गरज नाही, कारण थोड्याफार फरकाने हे बहुतेक सर्व अँड्रॉइड फोनांवर घडते.

प्रथम मनातला एक गैरसमज काढून टाकू. रेंज नव्हती म्हणून सूचना आली नाही, असे आपण म्हणतो. पण दादांच्या खोपटात रेंज होती. त्याच पिशवीतल्या फोनवर दोन वाजता कोणाचा फोन आला असता तर घंटा वाजली असती. फोन येणे आणि ॲपची सूचना येणे या दोन निरनिराळ्या वाटा आहेत. साधा फोन आणि साधा एस.एम.एस. मोबाईलच्या मनोऱ्यावरून थेट येतात, आणि फोन कितीही गाढ झोपेत असला तरी या हाकेला ओ देतोच. २०२३ साली सरकारने देशभर आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली, तेव्हा फोन एकाएकी मोठ्याने वाजू लागले होते, हे आपल्याला आठवत असेल. तो इशाराही मनोऱ्यावरूनच आला होता. ॲपच्या सूचनेची वाट मात्र इंटरनेटची आहे, आणि त्या वाटेवर फोनने स्वतःच एक फाटक बसवले आहे.

हे फाटक का बसवावे लागले? दहा-बारा वर्षांपूर्वी फोनमधले प्रत्येक ॲप आपल्या मर्जीने जागे होत असे. एक बातमी विचारायला, दुसरे हवामान विचारायला, तिसरे नुसतेच काही नवीन आहे का पाहायला. दर वेळी फोनला मनोऱ्याशी संधान बांधावे लागे, आणि निरोप एका क्षणाचा असला तरी त्यानंतर काही सेकंद फोनचे बिनतारी यंत्र जास्त वीज खात जागेच राही. वीस ॲपनी रात्रभर असे केले की सकाळी बॅटरी अर्ध्यावर. म्हणून २०१५ साली अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीत गूगलने एक योजना आणली. तिचे नाव डोझ, म्हणजे डुलकी.

ही डुलकी आपल्याला पाण्याच्या पाळीवरून चटकन समजेल. पाटाला बारमाही पाणी सोडले तर ते कोणालाच पुरणार नाही. म्हणून पाळी ठरते, आणि पाळी आली की सर्वांनी आपापले पाणी घेऊन मोकळे व्हायचे. डोझमध्ये हेच होते. फोनचा पडदा बंद आहे, तो चार्जरला लावलेला नाही आणि तो हालत नाही, या तीन गोष्टी जुळल्या की फोन डुलकीची तयारी करतो. पडदा बंद झाल्यावर थोड्याच वेळात हलकी डुलकी लागते. गाढ डुलकी लागायला गूगलच्या मूळ आराखड्याप्रमाणे साधारण एक तास जातो. गाढ डुलकीत ॲपचे इंटरनेट बंद, त्यांचे ठरलेले काम बंद. अधूनमधून काही मिनिटे फाटक उघडते, तेवढ्यात सर्वांनी आपले निरोप उरकायचे. पहिले फाटक एक तासाने उघडते, पुढचे दोन तासांनी, त्यापुढचे चार तासांनी, आणि मग जास्तीत जास्त सहा तासांनी.

आता दादांचे वेळापत्रक मांडून पाहू. एक वाजता फोन पिशवीत गेला, पडदा बंद झाला. खोपटातली मेढ काही हालत नाही आणि रानात चार्जर कुठला? तिन्ही अटी पुऱ्या झाल्या. दोनच्या पुढे पाच-दहा मिनिटांत गाढ डुलकी लागली. तीन वाजून गेल्यावर पहिली पाळी आली, फाटक काही मिनिटे उघडून बंद झाले. त्यानंतरची पाळी दोन तासांनी, म्हणजे पाचच्या पुढे. आणि विजेची सूचना निघाली तीन बावीसला, नेमकी फाटक लागल्यानंतर. चार वाजता दादांनी फोन उचलला नसता तर ती पाचनंतरच आली असती. फोन कंपन्या हे आकडे बदलतात, तेव्हा प्रत्येक फोनवर मिनिटे हीच असतील असे नाही. पण घटनेचा क्रम हाच.

येथे चाणाक्ष श्रोता विचारील की मग व्हॉट्सॲपचा निरोप पिशवीतल्या फोनवरही लगेच कसा येतो? याचे उत्तर टपालाच्या प्रकारात आहे. अँड्रॉइडवर बहुतेक ॲप स्वतः निरोप आणत नाहीत. गूगलचे एकच टपालखाते सर्वांचे निरोप आणते. निरोप धाडणारा त्यावर दोहोंपैकी एक शिक्का मारू शकतो, तातडीचा किंवा साधा. तातडीचा निरोप डुलकी मोडून आत येतो. साधा निरोप गूगलच्या केंद्रातच थांबतो आणि पाळी आल्यावर उतरतो. संभाषणाची ॲप तातडीचा शिक्का वापरतात. काही ॲप बनवणारे मात्र साध्या शिक्क्यावरच सूचना धाडतात, आणि काही ॲप टपाल न वापरता ठराविक वेळाने स्वतःच जागे होऊन चौकशी करतात. या दोहोंची सूचना डुलकीत अडकते.

दुसरे कारण यापेक्षा सूक्ष्म आहे. २०१८ साली आलेल्या नवव्या आवृत्तीपासून फोन आपल्या ॲपची प्रतवारी लावतो. रोज उघडता ते पहिल्या प्रतीचे. अधूनमधून उघडता ते मधल्या प्रतीचे. क्वचित उघडता ते खालच्या प्रतीचे, आणि खालच्या प्रतीच्या ॲपचे पाठीमागचे काम, फोन चार्जरवर नसेल तर, एक दिवसापर्यंतही पुढे ढकलले जाऊ शकते. व्हॉट्सॲप आपण दिवसातून पन्नासदा उघडतो. विजेची सूचना देणारे ॲप मुलाने दिवाळीत घालून दिले आणि त्यानंतर दादांनी ते एकदाही उघडले नव्हते. उघडावे कशाला? ते आपण होऊन बोलेल अशीच अपेक्षा होती. पण फोनच्या हिशेबी, जे कोणी उघडत नाही ते कोणाला नको आहे. वर्षातून चार दिवस उपयोगी पडणारी वस्तूच नेमकी शेवटच्या रांगेत जाते, यातला विरोधाभास ध्यानात घ्यावा. बारावी आवृत्ती २०२१ साली आली, तेव्हापासून तर काही महिने न उघडलेल्या ॲपची परवानगी काढून घेऊन त्याला पार निजवलेही जाते.

तिसरे कारण फोन कंपन्यांचे स्वतःचे. गूगलच्या फाटकावर त्या आपले आणखी एक कुलूप घालतात. आपला फोन दोन दिवस टिकतो अशी जाहिरात करता यावी, म्हणून न वापरलेली ॲप त्या साफ बंद करून टाकतात. त्यात आपली एक सवय भर घालते. पुष्कळजण दिवसातून दहादा, उघडी असलेली सगळी ॲप बोटाने सरकवून फोन "साफ" करतात. काही कंपन्यांच्या फोनवर असे सरकवणे म्हणजे त्या ॲपला सक्तीने बंद करणे होय. सक्तीने बंद केलेल्या ॲपला, आपण ते पुन्हा हाताने उघडेपर्यंत, तातडीचे टपालसुद्धा दिले जात नाही.

आता रोग ओळखायचा कसा? तीन खुणा सांगतो. फोन हातात घेऊन पडदा उजळताच सूचनांचा घोळका एकदम येत असेल, तर त्या डुलकीत अडकल्या होत्या. फोन चार्जरला असताना सूचना वेळेवर येतात आणि काढल्यावर उशिरा येतात, तर कारण बॅटरीची काटकसर हेच. आणि ॲप स्वतः उघडल्याशिवाय सूचना मुळीच येत नसेल, तर ते ॲप सक्तीने बंद झालेले आहे किंवा त्याची परवानगी गेलेली आहे. या तिन्हींपैकी काहीच नसेल आणि साधा फोनही लागत नसेल, तर मात्र दोष रेंजचा.

उपाय क्रमाने सांगतो. शक्य असेल तर घरातल्या शिकत्या मुलाला शेजारी बसवून घ्यावे. फोनची भाषा इंग्रजी असेल तर पडद्यावर जी नावे दिसतील तीच मी सांगत आहे. मराठी असेल तर नावे मराठीत दिसतील, जागा साधारण त्याच.

पहिली पायरी. ते ॲप एकदा हाताने उघडा. नंतर फोनच्या Settings मध्ये जाऊन Apps यावर बोट ठेवा आणि यादीतून ते ॲप निवडा. तेथे Notifications चालू आहे का पाहा. २०२२ साली आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून प्रत्येक नव्या ॲपला सूचना देण्याची परवानगी मागावी लागते, आणि घाईत आपण "नको" म्हणून बसलेले असतो. त्याच पानावर खाली Pause app activity if unused असे लिहिलेले आढळेल. ते बंद करा, म्हणजे न उघडलेले ॲप निजवले जाणार नाही.

दुसरी पायरी मुख्य आहे. त्याच पानावर Battery किंवा App battery usage असे असते. ते उघडले की तीन पर्याय दिसतात: Unrestricted, Optimized आणि Restricted. बहुतेक ॲप मधल्यावर असतात. आपल्या निवडक ॲपला Unrestricted करा. काही नव्या फोनांवर आधी Allow background usage या शब्दांवर बोट ठेवावे लागते, मग हे पर्याय उघडतात. फार जुना फोन असेल तर Settings मध्ये Battery, त्यात Battery optimization, तेथे All apps निवडून त्या ॲपला Don't optimize करा.

तिसरी पायरी कंपनीच्या कुलपाची. शाओमीच्या फोनमध्ये Autostart नावाची कळ आहे, ती त्या ॲपपुरती चालू करा, आणि Battery saver मध्ये No restrictions निवडा. सॅमसंगच्या फोनमध्ये Battery च्या पानावर Sleeping apps आणि Deep sleeping apps अशा दोन याद्या असतात. आपले ॲप त्यांतून काढून, कधीही न निजणाऱ्या ॲपच्या यादीत घाला. ओप्पो आणि रिअलमीच्या फोनवर Auto launch आणि पाठीमागे चालू राहण्याची परवानगी, या दोन्ही द्या. कळीचे नाव कंपनीगणिक आणि आवृत्तीगणिक बदलते, म्हणून शब्द नेमका सापडला नाही तर "आपोआप सुरू होणे" आणि "पाठीमागे चालणे" या अर्थाची कळ शोधावी.

शेवटी, फोनचा सर्वसाधारण Battery Saver सदा चालू ठेवू नका, आणि Data Saver चालू असेल तर त्या ॲपला त्यातून सूट द्या. फोनची मोठी सुधारित आवृत्ती उतरवून घेतल्यावर हे सगळे एकदा पुन्हा पाहा, कारण काही फोन अशा वेळी आपली निवड पुसून टाकतात.

दादांच्या फोनवर ॲप Optimized वर होते आणि कंपनीची आपोआप सुरू होण्याची कळ बंद होती. दोन्ही आम्ही बदलले. मग परीक्षा घ्यायची कशी? वीज काही आपल्या सांगण्यावरून पडत नाही. आम्ही असे केले की बाप-लेकांनी प्रत्येक सूचनेच्या पोटातली वेळ आणि ती प्रत्यक्ष वाजल्याची वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवावी. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात दादा रानात असताना आणि फोन मेढीलाच असताना तीन सूचना आल्या. दोन वेळेवर आल्या. तिसरी नऊ मिनिटे उशिरा आली.

ती नऊ मिनिटे मी मुद्दाम सांगतो आहे. Unrestricted केल्याने फोनचे फाटक त्या ॲपपुरते उघडते, पण साध्या शिक्क्याचे टपाल तातडीचे होत नाही. तो शिक्का धाडणाऱ्याच्या हाती आहे. तसेच ही सूट सरसकट सगळ्या ॲपना देऊ नका. दिली तर पाटाला बारमाही पाणी सोडल्यासारखे होईल, आणि संध्याकाळी फोनच बंद पडेल. बंद फोन कोणतीच सूचना देत नाही. आपल्या दृष्टीने ज्यांचा उशीर परवडणार नाही अशी दोन-तीन ॲप निवडावीत. शेतकऱ्याने विजेच्या सूचनेचे निवडावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले दामिनी हे ॲप वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर इशारा देते. ते आपल्या जागेवरून हिशेब करते, म्हणून त्याला लोकेशनची परवानगीही द्यावी लागते. मे महिना लागण्यापूर्वी ते एकदा उघडून पाहावे. शिक्षकांनी शाळेच्या कामाचे एखादे ॲप निवडावे, आणि पालकांना निकडीचा निरोप द्यायचा असेल तेव्हा ॲपवर न विसंबता सरळ फोन करावा. ती वाट डुलकीने अडत नाही, हे आपण पाहिलेच.

दादांच्या मुलानेही हाच धडा घेतला आहे. सूचना आली की तो आधी वडिलांना फोन लावतो, मग बाकीचे. आणि दादांनी स्वतः एक जुनी युक्ती पुन्हा धरली आहे. वीज चमकली की ते आकडे मोजतात. प्रकाश तत्काळ दिसतो आणि आवाज किलोमीटरला सुमारे तीन सेकंद घेतो. तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मग झाड सोडून पक्क्या घराचा आसरा धरायचा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. मी त्यांना म्हटले, "दादा, आता फोन नीट झालाय की." ते म्हणाले, "हाय ना. त्यो बी मोजू दे, मी बी मोजतो."